कर्जरोख्यांवरचा प्रीमियम दरवर्षी किती उतरवायचा? प्रभावी व्याज पद्धतीचा एक पूर्ण हिशेब

टिळकवाडीतल्या माझ्या संध्याकाळच्या क्लासला खानापूरहून एक मुलगा येतो. परवा तास संपल्यावर वही घेऊन टेबलाजवळ उभा राहिला. "सर, शेवटचा आकडा जुळंना झालाय. दहा लाख यायला पाहिजे, नऊ लाख एकोणऐंशी हजार यायलेत."

वही उघडायच्या आधीच मी विचारलं, "आठ टक्के कशावर काढलास? दहा लाखावर ना?"

तो गप्प. मग हसला. वहीत शेवटची ओळ ९,७९,८५४ अशी होती, आणि तो आकडा बघितला की चूक कुठं झाली ते कळतं. कसं कळतं ते पुढं सांगतो. आधी उदाहरण मांडू या, कारण हा विषय एकाच उदाहरणाला धरून शेवटपर्यंत गेलं तरच डोक्यात बसतो.

समजा उद्यमबागेतल्या एका फौंड्री कंपनीनं नव्या भट्टीसाठी १ एप्रिल २०२४ रोजी कर्जरोखे काढले. दर्शनी किंमत १,००० रुपये, असे १,००० रोखे, म्हणजे एकूण दहा लाख. मुदत पाच वर्षं. व्याज दरसाल १० टक्के, दर ३१ मार्चला एकदा. पाच वर्षांनी दहा लाख परत. आकडे मुद्दाम लहान घेतलेत, म्हणजे कागदावर करून बघता येतील. खऱ्या इश्यूत दोन-तीन शून्यं जास्त असतील, रीत हीच.

आता बाजारात अशाच जोखमीच्या, अशाच मुदतीच्या रोख्यांवर ८ टक्के मिळतात असं धरा. मग ही कंपनी १० टक्के का देते? कारण व्याजदर छापून, ठराव करून, कागदपत्रं तयार होईपर्यंत बाजार खाली आला. असं होतं. गुंतवणूकदाराला इतर ठिकाणी दहा लाखावर वर्षाला ऐंशी हजार मिळतात, इथं एक लाख. साहजिकच तो दहा लाखांपेक्षा जास्त द्यायला तयार होतो. किती जास्त, हा पहिला प्रश्न.

पहिली पायरी: आजची किंमत काढणे

कंपनी पुढं जे जे देणार आहे ते सगळं ८ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणायचं. देणार काय? पाच वेळा एक-एक लाख, आणि शेवटी दहा लाख.

साध्या बारा अंकी कॅल्क्युलेटरवर १ भागिले १.०८ करून बरोबरचं बटण पाच वेळा दाबा. पाचव्या वेळी ०.६८०५८३ दिसेल, हा पाच वर्षांनी मिळणाऱ्या एका रुपयाचा आजचा भाव. त्यानंतर जीटी बटण दाबलं की पाचही उत्तरांची बेरीज येते, ३.९९२७१०, हा पाच वर्षं दरसाल मिळणाऱ्या एका रुपयाचा आजचा भाव. जीटी बटण बहुतेकांच्या कॅल्क्युलेटरवर असतं आणि बहुतेकांनी ते कधी दाबलेलं नसतं. आधीचा जीटी मात्र पुसून घ्या, नाहीतर मागच्या हिशेबाची बेरीजही यात मिसळते.

व्याजाची आजची किंमत १,००,००० × ३.९९२७१० म्हणजे ३,९९,२७१ रुपये. मुद्दलाची १०,००,००० × ०.६८०५८३ म्हणजे ६,८०,५८३ रुपये. दोन्ही मिळून १०,७९,८५४. एक्सेलवर करायचं तर एका ओळीत होतं:

```
=PV(8%,5,-100000,-1000000)
```

कंपनीच्या हातात १०,७९,८५४ रुपये आले. दर्शनी किंमत वजा जाता ७९,८५४ हा प्रीमियम.

हा प्रीमियम म्हणजे नेमकं काय?

इथं थोडं थांबू या. मुलं इथंच घाई करतात आणि पुढची पाच वर्षं पाठांतरावर काढतात.

गुंतवणूकदाराला बाजारापेक्षा दरसाल २०,००० रुपये जादा मिळणार आहेत: एक लाख वजा ऐंशी हजार. पाच वर्षं वीस-वीस हजार. या पाच हप्त्यांची आजची किंमत काढा: २०,००० × ३.९९२७१० = ७९,८५४. म्हणजे बरोबर प्रीमियमएवढी.

तेव्हा कंपनीनं एकाच कागदावर खरं तर दोन कर्जं घेतली आहेत. एक मोठं, दहा लाखांचं, ८ टक्क्यांचं; त्याचं मुद्दल शेवटपर्यंत हलत नाही, फक्त वर्षाला ऐंशी हजार व्याज जातं. दुसरं छोटं, ७९,८५४ रुपयांचं, तेही ८ टक्क्यांचं. ते दरसाल वीस हजारांच्या पाच हप्त्यांत फिटतं. आपल्याकडं घराघरांत कुणी ना कुणी सोसायटीचं कर्ज घेतलेलं असतं. घटत्या शिलकीवरच्या कर्जाचं पासबुक कसं चालतं ते आठवा. हप्ता तोच राहतो, पण सुरुवातीला त्यात व्याज जास्त आणि मुद्दल कमी असतं, आणि जसजशी शिल्लक उतरते तसतसं हप्त्यातलं मुद्दल वाढत जातं. प्रीमियम उतरवणं म्हणजे या छोट्या कर्जाचं पासबुक लिहिणं. सीएच्या ऑफिसात त्याला अमॉर्टायझेशन म्हणतात.

हे लक्षात आलं की एक जुनी शंका आपोआप सुटते. "सर, प्रीमियम हा कंपनीचा नफा ना? पैसे जास्त मिळाले की." नफा नाही. ते उसने आलेले पैसे आहेत, आणि प्रत्येक वर्षाच्या एक लाखातून थोडेथोडे परत जाणार आहेत.

दुसरी पायरी: पहिल्या दिवसाची नोंद

बँक खातं डेबिट १०,७९,८५४. समोर कर्जरोखे खातं क्रेडिट १०,००,००० आणि कर्जरोखे प्रीमियम खातं क्रेडिट ७९,८५४. या दोन क्रेडिट शिलकांची बेरीज म्हणजे रोख्यांची पुस्तकी किंमत. ताळेबंदात दायित्व म्हणून हीच दाखवायची.

तिसरी पायरी: वर्षअखेरचा हिशेब, क्रम न चुकवता

दर वर्षी तीन आकडे काढायचे असतात आणि ते याच क्रमानं काढायचे. आधी व्याजखर्च: वर्षाच्या सुरुवातीची पुस्तकी किंमत गुणिले बाजाराचा दर, म्हणजे ज्या दरानं आपण किंमत काढली तो ८ टक्के. मग रोख व्याज: दर्शनी किंमत गुणिले छापील दर, म्हणजे कायम एक लाख. शेवटी दोन्हींतला फरक. तेवढा प्रीमियम यंदा उतरला, आणि तेवढीच पुस्तकी किंमत कमी झाली.

पहिलं वर्ष बघू. १०,७९,८५४ चे ८ टक्के ८६,३८८. रोख गेले १,००,०००. फरक १३,६१२. अखेरची पुस्तकी किंमत १०,६६,२४२.

आता हाच आकडा छोट्या कर्जाच्या बाजूनं पडताळा. ७९,८५४ वर ८ टक्के व्याज ६,३८८. हप्ता वीस हजार, म्हणून मुद्दल फिटलं १३,६१२. आणि मोठ्या कर्जाचे ऐंशी हजार अधिक हे ६,३८८ मिळून ८६,३८८. दोन्ही वाटांनी एकच उत्तर येतं.

३१ मार्च २०२५ ची नोंद अशी: व्याजखर्च डेबिट ८६,३८८, कर्जरोखे प्रीमियम डेबिट १३,६१२, बँक क्रेडिट १,००,०००. टीडीएस कापावा लागत असेल तर तो एक लाखातूनच कापायचा आणि बँकेच्या क्रेडिटमधून तेवढी रक्कम टीडीएस देय खात्याला न्यायची. व्याजखर्चाला हात लावायचा नाही.

पाचही वर्षांचं टेबल:

| ३१ मार्च | सुरुवातीची पुस्तकी किंमत | व्याजखर्च (८%) | रोख व्याज | उतरलेला प्रीमियम | अखेरची पुस्तकी किंमत |
|---|---|---|---|---|---|
| २०२५ | १०,७९,८५४ | ८६,३८८ | १,००,००० | १३,६१२ | १०,६६,२४२ |
| २०२६ | १०,६६,२४२ | ८५,२९९ | १,००,००० | १४,७०१ | १०,५१,५४१ |
| २०२७ | १०,५१,५४१ | ८४,१२३ | १,००,००० | १५,८७७ | १०,३५,६६४ |
| २०२८ | १०,३५,६६४ | ८२,८५३ | १,००,००० | १७,१४७ | १०,१८,५१७ |
| २०२९ | १०,१८,५१७ | ८१,४८३ | १,००,००० | १८,५१७ | १०,००,००० |

शेवटच्या ओळीत माझ्याकडून एक छोटी लबाडी झाली आहे. १०,१८,५१७ चे ८ टक्के ८१,४८१ येतात, मी ८१,४८३ लिहिलेत. दरवर्षी पैसे सोडून पूर्ण रुपये धरले, त्याचा साचलेला फरक दोन रुपये. तो शेवटच्या वर्षाच्या व्याजखर्चात टाकायचा असतो. शेवटच्या वर्षी उलट चालायचं: अखेरची किंमत दहा लाखच व्हायला हवी, म्हणून १८,५१७ उतरवायचे, आणि एक लाखातून ते वजा करून व्याजखर्च काढायचा.

टेबल बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं

उतरलेल्या प्रीमियमचा रकाना बघा. प्रत्येक आकडा आधीच्याच्या १.०८ पट आहे. १३,६१२ चे १.०८ पट १४,७०१, त्याचे १५,८७७. हा पट मध्येच बिघडला की त्याच ओळीत चूक आहे, पुढं शोधत बसायची गरज नाही.

दुसरी पडताळणी बेरजेची. पाच वर्षांचा एकूण व्याजखर्च ४,२०,१४६. रोख दिलेले पाच लाख वजा प्रीमियम ७९,८५४, तेही ४,२०,१४६.

आता खानापूरच्या मुलाची वही. त्यानं दरवर्षी दहा लाखावर ८ टक्के काढले, म्हणजे व्याजखर्च ८०,००० आणि उतरलेला प्रीमियम २०,०००. पाच वर्षांत एक लाख उतरले, प्रीमियम होता ७९,८५४. म्हणून शेवट ९,७९,८५४. त्यानं छोट्या कर्जावर व्याजच लावलं नव्हतं. वीस हजारांचा आख्खा हप्ता मुद्दलात टाकला. ज्यांचं टेबल दहा लाखांच्या वीस हजार खाली संपतं त्यांनी आधी हेच तपासावं.

दुसरी चूक उलटी असते: पुस्तकी किमतीवर बाजाराचा नाही, छापील दर लावणं. १०,७९,८५४ चे १० टक्के १,०७,९८५, रोख एक लाख, आणि पुस्तकी किंमत वाढून १०,८७,८३९. प्रीमियमच्या रोख्यांची पुस्तकी किंमत दर वर्षी खालीच यायला हवी. पहिल्याच वर्षी ती चढली तर तिथंच पेन खाली ठेवा.

तिसरी चूक जरा बारीक, आणि ती शिकलेले लोक करतात. समजा कंपनीनं भाव गोल करून प्रत्येक रोखा १,०८० ला विकला. हातात आले १०,८०,०००. हिशेबात दर मात्र ८ टक्केच ठेवला, तर टेबल १०,००,२१४ च्या आसपास संपतं. दोन रुपये उरले तर तो रुपया गोल केल्याचा फरक. दोनशे उरले तर दर चुकलाय. खरा दर ८ पेक्षा किंचित कमी आहे, आणि तो नव्यानं काढायला हवा.

दर नव्यानं काढायची वेळ: इश्यूचा खर्च

तसंच खर्चाचं. कायदेशीर कागदपत्रं, ट्रस्टीची फी वगैरे मिळून वीस हजार गेले असं धरा. इंड एएस १०९ या लेखा मानकाप्रमाणे असा थेट खर्च सुरुवातीच्या पुस्तकी किमतीतूनच वजा होतो, वेगळा खर्च म्हणून नफातोट्याला जात नाही. म्हणजे सुरुवात १०,५९,८५४ पासून. रोख व्याज आणि परतफेड तीच. मग दर किती?

```
=RATE(5,-100000,1059854,-1000000)
```

उत्तर सुमारे ८.४८ टक्के. हातानं काढायचा तर अंदाजानं दोन दर घ्यायचे. ८.४ टक्क्यांना किंमत १०,६३,२१५ येते, ८.५ ला १०,५९,११०. आपला आकडा या दोघांच्या मध्ये आहे आणि ८.५ च्या जास्त जवळ. मग पुढचं सगळं टेबल ८.४८ नं चालतं. ८ टक्के विसरायचे. बाजाराचा दर किंमत ठरवायला होता. वहीत चालतो तो दर हातात आलेल्या निव्वळ पैशांवरून निघालेला. "प्रभावी" हा शब्द तिथून आलाय.

दरवर्षी सारखा का उतरवायचा नाही?

७९,८५४ ला पाचनं भागलं की १५,९७१. दरवर्षी तेवढेच उतरवले तर व्याजखर्च कायम ८४,०२९. सोपं आहे. पण पहिल्या वर्षी १०,७९,८५४ च्या कर्जावर ८४,०२९ म्हणजे ७.७८ टक्के होतात, आणि शेवटच्या वर्षी १०,१५,९७१ वर तेच ८४,०२९ म्हणजे ८.२७ टक्के. एकाच करारातलं एकच कर्ज, दरवर्षी महाग होत गेल्यासारखं दिसतं. प्रभावी पद्धतीत दर पाचही वर्षं ८ राहतो. इंड एएस लागू असलेल्या कंपन्यांना, म्हणजे मुख्यतः शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, आणि नोंदलेल्या नसल्या तरी २५० कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थच्या कंपन्यांना, अमॉर्टाइज्ड कॉस्टवर धरलेल्या रोख्यांसाठी हीच पद्धत वापरावी लागते. बाकीच्यांसाठी एएस १६ कर्जावरचा प्रीमियम किंवा डिस्काउंट उतरवणं हा कर्जाच्या खर्चाचाच भाग धरतं.

मुलांचा खरा गोंधळ वेगळाच असतो. पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, पुस्तकात त्यांनी कर्जरोख्यांवरचा प्रीमियम सिक्युरिटीज प्रीमियम रिझर्व्हला टाकलेला असतो, आणि तो तिथंच बसून राहतो. पदवीला आल्यावर तोच प्रीमियम दरवर्षी उतरायला लागतो. कंपनी कायदा २०१३ चं कलम ५२ वाचलं तर ते शेअर्सच्या प्रीमियमबद्दल बोलतं. शेअरचे पैसे परत द्यायचे नसतात, रोख्यांचे द्यायचे असतात. माझ्या मते हा फरक पीयूसीलाच सांगायला हवा. परीक्षेत मात्र प्रश्न काय मागतो ते बघून लिहा.

व्याजाची तारीख आणि मार्चअखेर जुळत नसेल तर

आमच्या उदाहरणात मी १ एप्रिल घेतला, कारण तो सोयीचा. समजा रोखे १ ऑक्टोबर २०२४ ला काढले आणि व्याज दर ३० सप्टेंबरला. मग ३१ मार्च २०२५ ला सहाच महिने झालेत. पहिल्या वर्षाच्या ओळीचे सरळ दोन भाग करायचे: व्याजखर्च ४३,१९४, देय व्याज ५०,०००, उतरलेला प्रीमियम ६,८०६. रोख काहीच गेलेलं नाही, म्हणून बँकेऐवजी देय व्याज खातं क्रेडिट. पुस्तकी किंमत १०,७३,०४८, आणि पन्नास हजार देय व्याज वेगळं.

एप्रिल ते सप्टेंबरसाठी पुन्हा ४३,१९४ च. १०,७३,०४८ वर नव्यानं सहा महिन्यांचं व्याज काढायचं नाही. गुंतवणूकदाराला अजून एक पैसाही दिलेला नाही, तर मधेच शिल्लक कमी झाली असं धरून व्याज कसं कमी करायचं? ओळ बदलते ती रोख व्याज दिल्याच्या दिवशी. त्यामुळं २०२५-२६ चा खर्च ४३,१९४ अधिक दुसऱ्या ओळीचा अर्धा.

व्याज खरोखरच सहामाही देत असाल तर मात्र सगळंच नव्यानं: दर ४ टक्के, कालखंड दहा, हप्ता पन्नास हजार. किंमतसुद्धा बदलून १०,८१,१०९ होते. वार्षिक टेबलाचे दोन-दोन तुकडे करून हे टेबल निघत नाही.

मुदतीआधी रोखे परत घेतले तर

मूळ उदाहरणावर परत येऊ. ३१ मार्च २०२७ ला तिसऱ्या वर्षाचं व्याज देऊन झाल्यावर कंपनीनं सगळे रोखे १०,४०,००० ला परत घेतले. वहीत त्या दिवशी १०,३५,६६४ आहेत, म्हणजे दर्शनी दहा लाख आणि न उतरलेला प्रीमियम ३५,६६४. नोंद: कर्जरोखे डेबिट १०,००,०००, प्रीमियम डेबिट ३५,६६४, तोटा डेबिट ४,३३६, बँक क्रेडिट १०,४०,०००. इथं दहा लाखांशी तुलना करून चाळीस हजार तोटा दाखवणारे बरेच भेटतात, आणि मग प्रीमियम खात्यावर ३५,६६४ ची क्रेडिट शिल्लक तशीच लोंबकळत राहते, ज्या रोख्यांची होती ते रोखे नसताना.